कॅव्हेट

आपल्याविरुद्ध न्यायालयात एखादा अर्ज येणार अशी चाहूल लागली असता, त्या अर्जावर आपले म्हणणे ऐकल्याशिवाय आदेश होऊ नये म्हणून संबंधित न्यायालयात आगाऊ नोंदवून ठेवलेली लेखी सूचना म्हणजे कॅव्हेट. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘त्याने सावध असावे’ असा होतो. वर्तमानपत्रे ‘कॅव्हेट याचिका’ असे लिहितात, पण ही खऱ्या अर्थाने याचिका नव्हे, कारण तीत न्यायालयाकडे काहीच मागितलेले नसते. ‘मला कळवा आणि मग ऐका’ एवढेच तिचे म्हणणे असते. कोर्टाच्या आवारात यालाच ‘कॅव्हेट टाकणे’ किंवा ‘कॅव्हेट लावून ठेवणे’ म्हणतात. ती दाखल करणारा तो कॅव्हेटर. मराठी वाचकाला हा शब्द बहुधा राजकीय बातम्यांतून परिचित असतो: फेब्रुवारी २०२३ मध्ये निवडणूक आयोगाने पक्षनाव व धनुष्यबाण यांविषयी निर्णय दिल्यानंतर एकनाथ शिंदे यांनी सर्वोच्च न्यायालयात कॅव्हेट दाखल केले होते. प्रस्तुत नोंदीत मात्र मुंबईतील घराच्या वादात दिवाणी न्यायालयात टाकल्या जाणाऱ्या कॅव्हेटचा मुख्यतः विचार केला आहे.

दिवाणी प्रक्रिया संहितेत यासाठी स्वतंत्र तरतूद १९७६ च्या दुरुस्तीने आली. ती म्हणजे कलम १४८-अ. दाखल झालेल्या किंवा होऊ घातलेल्या दाव्यात जो अर्ज येईल, त्या अर्जाच्या सुनावणीत हजर राहण्याचा हक्क सांगणाऱ्या कोणालाही कॅव्हेट टाकता येते. हे कलम तीन जणांवर तीन कामे सोपवते. कॅव्हेटरने अपेक्षित अर्जदाराला पोचपावतीसह रजिस्टर पोस्टाने कॅव्हेटची सूचना पाठवायची. पुढे अर्ज आलाच तर न्यायालयाने त्याची नोटीस कॅव्हेटरला द्यायची. आणि सूचना मिळालेल्या अर्जदाराने अर्जाची व सोबतच्या कागदपत्रांची प्रत, कॅव्हेटरच्या खर्चाने, त्याला ताबडतोब पुरवायची. टपाल खात्याने २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट ही सेवा स्पीड पोस्टात विलीन केली असली, तरी पाठवल्याची पावती आणि पोचल्याचा पुरावा या दोन कागदांचे महत्त्व तसूभरही कमी झालेले नाही.

या तरतुदीची गरज एकतर्फी अंतरिम मनाई हुकुमामुळे भासते. संहितेच्या आदेश ३९, नियम ३ प्रमाणे मनाई देण्यापूर्वी समोरच्या पक्षाला नोटीस देणे हाच नियम आहे. पण नोटिशीत वेळ गेल्यास अर्जाचा हेतूच फसेल असे न्यायाधीशांना वाटले, तर कारणे नोंदवून त्यांना एकतर्फी आदेश करता येतो. असा आदेश झाल्यावर मूळ अर्ज ३० दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा असेही संहिता सांगते. मुंबईतल्या घराच्या व्यवहाराला मात्र ३० दिवस फार होतात. एक उदाहरण घेतले म्हणजे ते का, हे ध्यानात येईल.

बोरिवलीतील सुमारे दीड कोटीचा फ्लॅट एका विधवा काकूंच्या नावे आहे असे समजा. यजमानांनी हयातीत नोंदणीकृत बक्षीसपत्राने तो त्यांना दिला. काकूंनी तो विकायला काढला, गिऱ्हाईक मिळाले, बयाणा घेतला, गिऱ्हाइकाचे बँकेचे कर्जही मंजूर झाले. अशात दिवंगत दिरांच्या मुलाने वकिलामार्फत नोटीस पाठवली: फ्लॅट आजोबांच्या पैशातून घेतलेला असून त्यात आमचा हिस्सा आहे, आठ दिवसांत व्यवहार थांबवा, नाहीतर कोर्टात जाऊ. पुतण्याचा दावा पुढे टिकेल की नाही हा वेगळा प्रश्न. पण ‘विक्री करू नये’ असा एका ओळीचा हुकूम पंधरा दिवस जरी राहिला, तरी बँक कर्जाचा हप्ता सोडत नाही, गिऱ्हाईक दुसरीकडे वळते आणि वर बयाणा परत मागते. म्हणून काकूंचे वकील नोटिशीचे उत्तर आणि कॅव्हेट हे दोन्ही एकाच दिवशी तयार करतात.

कॅव्हेटचा मसुदा बहुधा दोन-तीन पानांतच आटोपतो. त्यात अपेक्षित अर्जदाराचे नाव व पत्ता, कोणत्या स्वरूपाचा अर्ज येईल याचा अंदाज, मिळकतीचे वर्णन आणि कॅव्हेटर व त्याच्या वकिलाचा नोटीस घेण्याचा पत्ता असतो. सोबत वकीलपत्र आणि टपालाची पावती जोडतात. वरवर पाहता यात चुकण्यासारखे काही नाही. अनुभव असा, की कॅव्हेट निष्फळ ठरते ते न्यायालय चुकल्यामुळे किंवा नाव चुकल्यामुळे.

न्यायालयाची निवड मुंबईत विशेष काळजीने करावी लागते, कारण कॅव्हेट ज्या न्यायालयात नोंदवले तेवढ्यापुरतेच असते आणि या शहरात घराचा एकच तंटा तीन-चार दारांनी आत शिरू शकतो. मालकी किंवा वाटणीचा दावा, त्याचे मूल्य १० कोटी रुपयांच्या आत असेल तर, नगर दिवाणी न्यायालयात जातो. त्याचे मुख्य ठिकाण फोर्टात आहे, पण बोरिवलीच्या मिळकतीसाठी दिंडोशीचे न्यायालय पाहावे लागते. तोच पुतण्या ‘आजोबांच्या काळापासून मी येथे परवानगीने राहतो’ असे म्हणू लागला, तर प्रकरण लघुवाद न्यायालयाकडे वळते. सोसायटीच्या सभासदत्वाचा मुद्दा काढला, तर सहकार न्यायालय आहेच. शंका असेल तेथे वकील दोन ठिकाणी कॅव्हेट टाकतात. खर्च थोडा वाढतो. पण फोर्टात टाकलेले कॅव्हेट दिंडोशीच्या न्यायाधीशांपुढे आपोआप येईल, अशी आशा करण्यापेक्षा तो परवडतो.

नावाची अडचण याहून बारीक आहे. अर्ज आला की कार्यालय त्याविरुद्ध कॅव्हेट आहे का हे पाहते, आणि ते पाहणे मुख्यतः नावावरून होते. पुतण्याच्या एकट्याच्या नावे कॅव्हेट टाकले आणि दावा त्याच्या आईने किंवा लग्न झालेल्या बहिणीने लावला, तर जुळणी होत नाही. म्हणून ज्यांना हिस्सा सांगता येईल अशा सर्वांची नावे मसुद्यात घ्यावी लागतात आणि प्रत्येकाला वेगळी सूचना पाठवावी लागते. दुसरा घोटाळा रोमन लिपीचा. संगणकावर नावे इंग्रजीत चढवली जातात. सावंत हे आडनाव Sawant असेही लिहितात आणि Savant असेही, आणि यंत्राला ही दोन वेगळी माणसे वाटतात. समोरच्याच्या नोटिशीत किंवा आधारपत्रावर जे स्पेलिंग असेल तेच वापरणे आणि ‘ऊर्फ’ देऊन दुसरे जोडणे हा यावरचा साधा उपाय होय. जिल्हा न्यायालयांच्या ई-कोर्ट्स संकेतस्थळावर Caveat Search अशी सोय आहे. आपले कॅव्हेट तिथे सापडते का, हे दाखल केल्यानंतर एकदा स्वतः शोधून पाहणे शहाणपणाचे ठरते.

सारे बरोबर जुळले, तर पुढचा प्रसंग साधारण असा घडतो. पुतण्याचे वकील दाव्यासोबत मनाईचा अर्ज घेऊन येतात; जिल्ह्यातील न्यायालयांत यालाच ‘निशाणी ५ चा अर्ज’ म्हणतात, मुंबईच्या नगर दिवाणी न्यायालयात ‘नोटीस ऑफ मोशन’. कॅव्हेट असल्याचे कळताच त्यांना काकूंच्या वकिलांना प्रत द्यावी लागते, आणि बऱ्याचदा ती हातात पडते ती ‘आज दुपारी अर्ज चालवणार आहोत’ या निरोपासकट. काकूंचे वकील उभे राहतात, उत्तरासाठी वेळ मागतात. न्यायाधीश वेळ देतात, पण लगेच विचारतात: तोपर्यंत फ्लॅट विकणार नाही असे निवेदन करता का? येथे नवख्या वकिलाची पंचाईत होते. ‘पुढील तारखेपर्यंत विक्री करणार नाही’ हे निवेदन नोंदले गेले, की मनाई हुकुमाने जे झाले असते ते पक्षकाराने आपल्याच तोंडाने करून घेतलेले असते, आणि तारखा वाढतील तसे ते निवेदनही ‘चालू ठेवले’ जाते. कॅव्हेटने मिळते ते ऐकवून घेणे. आदेश होणारच नाही याची हमी त्यात नाही. त्यामुळे जाणते वकील कॅव्हेट टाकतानाच उत्तराचे प्रतिज्ञापत्र, बक्षीसपत्राची प्रत आणि सोसायटीचा भागदाखला तयार ठेवतात, म्हणजे वेळ मागण्याची पाळीच येत नाही आणि त्याच दुपारी ‘मनाई का देऊ नये’ हे कागद दाखवून सांगता येते.

कॅव्हेटची मुदत ९० दिवसांची. या अवधीत अर्ज आला तर ते त्या अर्जापुरते जिवंत राहते, नाहीतर आपोआप संपते. काकूंनी ३ मार्चला कॅव्हेट टाकले असेल, तर दाखल केल्याचा दिवस सोडून मार्चचे २८, एप्रिलचे ३० आणि मेचे ३१ धरता ८९ दिवस होतात. नव्वदावा दिवस १ जूनचा. मधल्या उन्हाळी सुट्टीने हा काळ थांबत नाही, आणि तातडीचे अर्ज तर सुट्टीतील न्यायाधीशांपुढेही चालतात. शिवाय पुतण्याला टपालाने सूचना गेलेली असल्यामुळे दाखल तारीख त्यालाही ठाऊक असते. कायद्याने सक्तीची केलेली ही सूचना कॅव्हेटरचे वेळापत्रकच समोरच्याच्या हाती देते, ही या तरतुदीतली एक गंमत म्हणावी लागेल: संयमी प्रतिपक्ष ९० दिवस गप्प बसतो आणि २ जूनला येतो. संहितेत मुदतवाढीची सोय नाही. व्यवहार लांबला तर मुदत संपण्याआधीच नवे कॅव्हेट टाकून नवी सूचना पाठवतात, आणि ही तारीख वकिलावर सोडून न देता पक्षकारानेही घरच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी लागते.

कॅव्हेट असूनही चुकून एकतर्फी आदेश झाला, तर तो मुळातच शून्य ठरतो काय? आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने १९८१ च्या एका निर्णयात तसे मानलेले नाही: नोटीस देणे बंधनकारक असले, तरी रद्द होईपर्यंत आदेश अमलात राहतो. म्हणजे कॅव्हेटरने ‘मला कळवलेच नव्हते’ म्हणून हुकूम धाब्यावर बसवू नये, तर कॅव्हेटची नोंद व टपालाच्या पावत्या दाखवून तो रद्द करून घेण्यासाठी त्याच न्यायालयात तातडीने अर्ज करावा.

दोन गैरसमज मुंबईत वारंवार आढळतात. महापालिकेने बेकायदा बांधकामाची नोटीस दिल्यावर रहिवासी कॅव्हेट टाकायला धावतात. पण पाडकाम हा न्यायालयाचा आदेश नसल्याने कॅव्हेटने ते थांबत नाही, तिथे स्वतःच मनाईसाठी जावे लागते. फौजदारी कायद्यातही कलम १४८-अ सारखी तरतूद नाही.

मृत्युपत्राच्या प्रोबेटला, म्हणजे न्यायालयाकडून त्याला मिळणाऱ्या मान्यतेला, हरकत म्हणून उच्च न्यायालयात जे कॅव्हेट दाखल होते, ते नावाने तेच असले तरी जातीने वेगळे आहे. ते भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या कलम २८४ खाली येते, त्यासोबत हरकतीची कारणे देणारे प्रतिज्ञापत्र करावे लागते आणि त्यामुळे प्रोबेटची याचिका वादग्रस्त ठरून दाव्यात बदलते. दिवाणी कॅव्हेट फक्त दार वाजवायला सांगते. हे कॅव्हेट दारात उभे राहून भांडते.