नैराश्यावरच्या गोळ्यांची स्ट्रिप : जेनेरिक नाव आणि गोळी अचानक बंद करणे

नैराश्यावरच्या गोळ्यांच्या स्ट्रिपवर दोन नावे असतात : एक कंपनीने ठेवलेले आणि दुसरे मूळ औषधाचे, म्हणजे जेनेरिक नाव. कंपनीचे नाव दुकानागणिक बदलते. रत्नागिरीत घेतलेली गोळी मालवणात त्याच नावाने मिळेलच असे नाही, पण पॅरोक्सेटीन, सर्ट्रालीन किंवा एस्सिटॅलोप्रॅम हे नाव आणि शेजारचा मिलिग्रॅमचा आकडा सांगितला तर तेच औषध मागता येते. अडचण कात्रीची. दुकानदार पाच गोळ्या कापून देतो तेव्हा छापील मजकुराचा बराचसा भाग दुकानातच राहू शकतो.

नाव माहीत नसले की गोळीत खंड पडतो, आणि तो ओळखूही येत नाही. समजा, मिरकरवाड्याचा एक खलाशी वर्षभर पॅरोक्सेटीन 20 मिलिग्रॅम घेतो आहे. 31 जुलैला मासेमारीबंदी संपते, ऑगस्टच्या पहिल्या फेरीला तो निघतो आणि डब्यातली शेवटची गोळी त्याच दिवशी संपते. तिसऱ्या दिवशी गरगरते, मळमळते, घाम फुटतो, रात्री विचित्र स्वप्ने पडतात. सोबती म्हणतात, बोट लागली. पण वीस वर्षे समुद्रावर काढलेल्याला बोट आताच का लागावी? शिवाय नजर बाजूला वळवताच डोक्यात विजेचा बारीक झटका बसल्यासारखे होते. ही खूण बोट लागण्याची नव्हे, गोळी अचानक बंद झाल्याची.

या गोळ्यांमुळे मेंदूतील पेशींच्या सांध्यांत सेरोटोनिन हे रसायन जास्त वेळ टिकते आणि मेंदू त्या पातळीशी जुळवून घेतो. औषध झपाट्याने उतरले की ही जुळणी उघडी पडते. पॅरोक्सेटीनचे रक्तातले प्रमाण साधारण दिवसभरात निम्मे होते, म्हणून त्रास लवकर सुरू होतो. याच गटातले फ्लुओक्सेटीन आणि त्यापासून शरीरात तयार होणारा घटक कित्येक दिवस रेंगाळतो, त्यामुळे तिथे त्रास बहुधा सौम्य असतो. हे व्यसन नव्हे. गोळीची तलफ येत नाही. जुने नैराश्य परतायला सहसा काही आठवडे लागतात, हा त्रास मात्र दोन-चार दिवसांत उभा राहतो आणि तीच गोळी पुन्हा सुरू केल्यावर बहुतेकदा एक-दोन दिवसांत ओसरतो.

म्हणून डॉक्टर मात्रा काही आठवड्यांत, कधी महिन्यांत उतरवतात. 20 वरून 10 वर येताना औषधाचा मेंदूवरचा परिणाम थोडाच घटतो. 5 वरून शून्यावर येताना तो एकदम कोसळतो. शेवटच्या पायऱ्या सगळ्यांत लहान ठेवतात त्या यामुळे.

काही स्ट्रिपांवर जेनेरिक नावे दोन असतात. एस्सिटॅलोप्रॅम आणि चिंता शमवणारे क्लोनाझेपाम ही जोडगोळी (शब्दशः) भारतात मिळते. ती बंद केली की दोन औषधे एकदम बंद होतात, आणि क्लोनाझेपाम बराच काळ घेतलेल्याला ते अचानक बंद झाल्यास फिटही येऊ शकते.