मेल सिंकची मुदत

फोनमधले ईमेलचे अ‍ॅप सर्व्हरवरच्या मेलपेटीतला किती दिवस मागचा भाग स्वतःकडे ठेवते, ती मर्यादा म्हणजे सिंकची मुदत. एक महिन्याची मुदत असलेल्या फोनवर दोन महिन्यांपूर्वीचा मेल दिसत नाही. तो पुसला गेलेला नसतो. सर्व्हरवर जागच्या जागी असतो, फक्त फोनने तो मागितलेला नसतो. कामाच्या खात्यांवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज प्रकारच्या मेलपेट्यांवर, हा अनुभव सर्वाधिक येतो, म्हणून पुढचे विवेचन प्रामुख्याने त्यांनाच धरून आहे.

अशा खात्याशी फोन बहुधा एक्स्चेंज अ‍ॅक्टिव्हसिंक या प्रोटोकॉलने बोलतो. एखादा फोल्डर मागताना फोन सोबत एक आकडा पाठवतो. मेलसाठी त्या आकड्याचा अर्थ आधीच ठरलेला आहे: 1 म्हणजे एक दिवस, 2 म्हणजे तीन दिवस, 3 म्हणजे आठवडा, 4 म्हणजे दोन आठवडे, 5 म्हणजे महिना आणि 0 म्हणजे सगळे. सेटिंगमध्ये ‘एक वर्ष’ किंवा ‘45 दिवस’ असा पर्याय का सापडत नाही, याचे उत्तर या यादीत आहे.  म्हणूनच आयफोनची यादी एका महिन्यावरून थेट ‘मर्यादा नाही’वर उडी मारते.

मुदत आजपासून मागे मोजली जाते, म्हणून ती रोज एका दिवसाने पुढे सरकते. काल दिसत असलेला सर्वांत जुना मेल आज मुदतीबाहेर पडला, की सर्व्हर फोनला तो यादीतून काढायला सांगतो. या सूचनेचे प्रोटोकॉलमधले नाव SoftDelete. खऱ्या पुसण्याची सूचना वेगळी असते, तिचे नाव Delete. फोनच्या पडद्यावर मात्र दोन्हींचा परिणाम सारखाच: मेल नाहीसा. वापरणाऱ्याला भीती वाटते ती या सारखेपणामुळे, आणि तिला कारणही आहे, कारण अ‍ॅप या फरकाबद्दल सहसा एक अक्षरही सांगत नाही.

एक उदाहरण घेऊ. मुदत एक महिन्याची आहे आणि आज 20 मे आहे. 3 फेब्रुवारीला एका सहकाऱ्याने कराराची पीडीएफ जोडून मेल पाठवला. त्यावर उत्तरे-प्रत्युत्तरे होत राहिली, शेवटचे उत्तर 18 मे रोजी आले. फोनवर ते उत्तर दिसते, त्याच्या खाली फेब्रुवारीतला मजकूरही उद्धृत केलेला दिसतो, पण पीडीएफ कुठेच नाही. उत्तर देताना मूळ मेलची जोडपत्रे साधारणपणे सोबत जात नाहीत. ती 3 फेब्रुवारीच्या मेललाच चिकटलेली आहेत, आणि तो मेल मुदतीबाहेर आहे. अशा वेळी ‘फाईल जोडायची राहिली वाटतं’ असा उलट मेल सहकाऱ्याला जातो. तोही बुचकळ्यात पडतो, कारण त्याच्याकडे फाईल व्यवस्थित दिसत असते.

दोष मुदतीचाच आहे हे ओळखायची खूण सोपी आहे. इनबॉक्स अगदी तळापर्यंत सरकवून शेवटच्या मेलची तारीख पाहावी, मग पाठवलेल्या मेलच्या फोल्डरमध्ये तेच करावे. दोन्हीकडे यादी 20 एप्रिलच्या आसपास तुटत असेल आणि दुसऱ्या दिवशी ती रेघ एक दिवस पुढे सरकलेली दिसली, तर शंका उरत नाही. त्यानंतर ब्राउझरमधून तेच खाते उघडून 3 फेब्रुवारीचा मेल शोधावा. तिथे तो सापडला, की फक्त फोनचे सेटिंग बदलायचे उरते. तिथेही नसेल, तर मुदत कितीही वाढवली तरी उपयोग नाही. मेल खरोखर पुसला गेला असेल, किंवा संस्थेच्या नियमानुसार वेगळ्या अर्काइव्ह मेलपेटीत हलवला गेला असेल. ती अर्काइव्ह पेटी अ‍ॅक्टिव्हसिंकने फोनवर येतच नाही.

आयफोनवर हा बदल Settings मध्ये करतात. iOS 18 पासून Apps, मग Mail, मग Mail Accounts असा रस्ता आहे. त्याआधीच्या आवृत्त्यांत Settings मधूनच Mail आणि मग Accounts. तिथे कामाचे खाते उघडले की Mail Days to Sync ही ओळ दिसते, आणि तिच्यात No Limit निवडायचे. ही ओळ एक्स्चेंज खात्यांनाच असते. आयक्लाउडच्या खात्यात ती शोधत बसू नये. अँड्रॉइडवर जीमेलच्या अ‍ॅपमध्ये Settings मध्ये जाऊन खाते निवडले की Days of mail to sync सापडते, तिथे मुळात 30 दिवस असतात. पण जीमेलच्या स्वतःच्या खात्यात हा आकडा मुख्यतः इंटरनेट नसतानाच्या वापरापुरता असतो. जोडणी चालू असताना यादी खाली सरकवली की जुने मेल सर्व्हरवरून येत राहतात.

सेटिंग बदलले की जुने मेल एकदम अवतरत नाहीत. सर्व्हर ते तुकड्यातुकड्याने पाठवतो. फोनने एका खेपेचा आकार सांगितला नाही तर एका उत्तरात 100 बदल येतात. अनेक वर्षांची पेटी असेल तर फोन वायफाय आणि चार्जरवर लावून ठेवणे शहाणपणाचे. मधल्या काळात यादी अर्धवट दिसते, आणि ‘झालं नाही बहुतेक’ म्हणून खाते काढून पुन्हा जोडले, तर सगळे काम शून्यापासून सुरू होते. फक्त एखादा मेल हवा असेल तर मुदतीला हात लावायचीही गरज नाही. बहुतेक अ‍ॅपमधला शोध सर्व्हरवरही चालतो, आणि मुदतीबाहेरचा मेल त्यातून उघडता येतो. क्वचित लागणाऱ्या जुन्या मेलसाठी माझ्या मते हाच मार्ग बरा. फोनची जागा भरून टाकण्यात अर्थ नाही.

कधीकधी No Limit निवडताच येत नाही. सर्व्हरच्या प्रशासकाला फोनसाठी कमाल मुदत ठरवून देता येते, त्या सेटिंगचे नाव MaxEmailAgeFilter. फोन हरवला तर त्यावर कमीत कमी पत्रव्यवहार असावा, हा एक हेतू त्यामागे असू शकतो. अशा वेळी फोनमध्ये काहीही करून उपयोग नसतो. प्रशासकाला विचारावे किंवा ब्राउझर वापरावा.

मुदत कमी केली तर फोनवरच्या प्रती जातात, सर्व्हरवर काही बिघडत नाही. याउलट जागा मोकळी करण्यासाठी जुने मेल फोनवर निवडून हाताने पुसले, तर ती Delete ची सूचना असते आणि मेल सर्व्हरवरूनही जातो. जागाच हवी असेल तर मुदत आखडती घ्यावी.

पॉप प्रोटोकॉलने जोडलेल्या खात्याला हे सगळे लागू नाही. तिथे एखाद्या जुन्या संगणकाने मेल उतरवून घेतले आणि सर्व्हरवरची प्रत काढून टाकली असेल, तर ते त्या संगणकावरच उरतात. फोनवरची कोणतीही मुदत ते परत आणू शकत नाही. तो संगणक उघडूनच पाहावे लागते.