ओटोस्क्लेरोसिस

मधल्या कानातल्या तीन हाडांपैकी सर्वांत आत असलेली रिकीब जागच्या जागी घट्ट बसून कान हळूहळू मंदावण्याचा विकार. कानाच्या पडद्याची थरथर हातोडी आणि ऐरण या हाडांमार्फत रिकिबीपर्यंत पोचते. जेमतेम तीन मिलिमीटर उंचीची ही रिकीब शरीरातले सर्वांत लहान हाड आहे. तिचे पाऊल आतल्या कानाच्या लंबगोल खिडकीत बसलेले असते आणि ते दट्ट्यासारखे आतबाहेर हलले की आतल्या द्रवात लाटा उठतात. या विकारात खिडकीच्या पुढच्या कडेजवळचे हाड झिजते आणि त्या जागी नवे, अस्ताव्यस्त हाड भरते. ते रिकिबीच्या पावलावर चढले की पाऊल जखडते. नाव काठिण्याचे असले तरी सुरुवातीच्या अवस्थेत हे हाड उलट मऊ आणि रक्ताळ असते.

विकार बहुधा विशी ते चाळिशीत लक्षात येतो, पुरुषांपेक्षा स्त्रियांत जास्त आढळतो आणि अनेकदा घराण्यात चालत येतो. बऱ्याच जणांचे दोन्ही कान बिघडतात. कान दुखत नाही, वाहत नाही, पडदाही निरोगी दिसतो. त्यामुळे ‘कानात मळ असेल’ म्हणत वर्षे निघून जातात. एक खूण मात्र बोलकी आहे. असा माणूस शांत घरापेक्षा एसटीच्या खडखडाटात बरे ऐकतो, कारण तिथे बाकीचे आवाज चढवून बोलतात आणि त्याला तो खडखडाट कमी जाणवतो. स्वतः तो हळू बोलतो, कारण स्वतःचा आवाज त्याला कवटीच्या हाडातून मोठा ऐकू येतो.

निदानाचा पाया याच फरकावर उभा आहे. नादकाटा कानासमोर धरण्यापेक्षा कानामागच्या हाडावर टेकवल्यावर मोठा वाजतो. ऑडिओग्राम या श्रवणचाचणीच्या आलेखात हवेतून आणि हाडातून येणाऱ्या ऐकण्याच्या दोन रेषा वेगळ्या पडतात. समजा, एका चौतीस वर्षांच्या शिक्षिकेला हवेतून सरासरी ५० डेसिबेलला ऐकू येते आणि हाडातून १५ डेसिबेलला. मधली ३५ डेसिबेलची दरी म्हणजे जखडलेल्या रिकिबीने अडवलेला आवाज. शस्त्रक्रिया भरून काढते ती एवढी दरीच. दुसऱ्या एखाद्या रुग्णाचे आकडे ७५ आणि ४० असतील, तर दरी तेवढीच आहे, पण आतला कानही थकलेला आहे. शस्त्रक्रिया उत्तम झाली तरी त्याला पुढे श्रवणयंत्र लागेलच. हा हिशेब आधी समजावला नाही, तर रुग्णाला शस्त्रक्रिया फसली असे वाटते.

मोठ्या आवाजाला कानातला छोटा स्नायू आखडतो, ती प्रतिक्रिया या विकारात सहसा लोपते. दरी आहे आणि प्रतिक्रियाही शाबूत आहे, असे दिसले तर आतल्या कानाच्या वरच्या अर्धवर्तुळाकार नलिकेच्या हाडाला भोक पडल्याची शंका घेऊन सीटी स्कॅन करावा लागतो. तिथे रिकीब बदलून काहीच साधत नाही.

रिकीब काढून कृत्रिम भाग बसवण्याची आजची पद्धत अमेरिकेतल्या मेम्फिसचे जॉन शी यांनी १९५६ मध्ये रूढ केली. त्यांनी संपूर्ण रिकीब काढून खिडकीवर शिरेचा तुकडा ठेवला आणि टेफ्लॉनची प्रतिकृती बसवली. आता बहुतेक ठिकाणी पाऊल जागेवरच ठेवतात. बऱ्याचदा नुसती जागा बधिर करून, कानाच्या नळीतूनच पडदा उचलतात. रिकीब हलत नाही याची सुईने खात्री करून घेतात, ऐरणीपासून पावलापर्यंतचे अंतर मोजतात, रिकिबीची कमान काढून टाकतात आणि पावलाला ड्रिलने किंवा लेझरने मिलिमीटरहून लहान भोक पाडतात. त्यात सुमारे ०.६ मिलिमीटर जाडीचा पिस्टन सोडून त्याचा आकडा ऐरणीच्या दांड्याला अडकवतात. आकडा सैल राहिला तर आवाज पुरता पोचत नाही. फार आवळला तर दांडा झिजू शकतो. रुग्ण जागा असेल तर टेबलावरच कुजबुजून विचारतात, ‘ऐकू येतंय का?’

अनुभवी हातात दहापैकी सुमारे नऊ जणांची दरी जवळजवळ मिटते. साधारण शंभरात एकाचा कान मात्र कायमचा बधिर होतो. म्हणून अधिक बिघडलेला कान आधी घेतात, दुसऱ्यासाठी निदान काही महिने थांबतात आणि ऐकणारा कान एकच उरला असेल तर सहसा हात लावत नाहीत. पहिले काही दिवस थोडी चक्कर आणि जिभेवर धातूसारखी चव चालते. पण ऐकू येऊ लागल्यावर पुन्हा कमी झाले आणि चक्कर वाढली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायला हवे. आतला द्रव झिरपत असू शकतो. पहिले काही आठवडे नाक जोरात शिंकरायचे नाही आणि शिंक आली तर तोंड उघडे ठेवायचे.

श्रवणयंत्र हा कमीपणाचा पर्याय नव्हे. आतला कान चांगला असल्याने या रुग्णांना ते छान लागू पडते, धोका नसतो आणि शस्त्रक्रियेचा मार्ग पुढेही खुला राहतो. हाडाची झीज रोखायला सोडियम फ्लोराइड देतात, पण त्याचा पुरावा कच्चा आहे, आणि जखडलेली रिकीब त्याने सुटत नाही. विकार आतल्या कानात फार पसरून श्रवणयंत्रही पुरेनासे झाले, तर श्रवणाच्या नसेला थेट विद्युत संकेत देणाऱ्या कॉक्लिअर इम्प्लांट या रोपणाचा विचार होतो.