सोलापुरात रूफटॉप सोलर सबसिडीचा ऑनलाईन अर्ज

घराच्या गच्चीवर सोलर बसवून केंद्र सरकारची सबसिडी मिळवायची असेल तर सगळा कारभार pmsuryaghar.gov.in या पोर्टलवरून होतो. योजनेचं नाव पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजना, फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झाली. पहिल्या 2 किलोवॉटला किलोवॉटमागे 30 हजार, तिसऱ्याला 18 हजार, आणि तिथून पुढे कितीही मोठी सिस्टीम बसवा, घरगुती ग्राहकाला 78 हजारांच्या वर एक रुपया मिळत नाही. अर्ज तसा अवघड नाही, पण सोलापुरात तो बहुतेक वेळा नावावर अडतो, आणि ही अडचण अर्ज भरायच्या आधीच बघून घेता येते.

सुरुवात ग्राहक क्रमांकापासून. महावितरणच्या बिलावर वरच्या बाजूला 12 आकडी नंबर असतो तो. पोर्टलवर राज्य, जिल्हा, वीज कंपनी निवडून हा नंबर टाकला की बिलावरचं नाव समोर येतं. इथेच थांबून ते नाव नीट वाचा. साखर पेठ, अशोक चौक, सगळा पूर्व भाग, इथल्या जुन्या घरांत बिल अजून आजोबांच्या नाहीतर वारलेल्या वडिलांच्या नावावर असतं, बिल भरलं जातंय म्हणून कोणी बदलायच्या भानगडीत पडत नाही. पण सबसिडी मिळते ती ज्याच्या नावावर कनेक्शन त्याला, आणि पैसे त्याच नावाच्या बँक खात्यात येतात. वारलेल्या माणसाचं खातं चालू नसतं, मग शेवटच्या पायरीला येऊन सगळं लटकतं, आणि तोवर गच्चीवर पॅनल बसलेले असतात, व्हेंडरचे पैसे दिलेले असतात. म्हणून आधी महावितरणकडे नावबदल करायचा, मृत्यूचा दाखला, घराच्या मालकीचा कागद, बाकी वारसांची संमती असे कागद लागतात. नवीन नावाचं बिल हातात आल्यावरच पोर्टल उघडायचं. घाई करून काही उपयोग नाही.

दुसरी सोलापुरी गोष्ट म्हणजे एकाच घरात दोन मीटर. खाली माग, वर राहणं. यंत्रमागाचं कनेक्शन वेगळ्या वर्गवारीतलं असतं आणि ही सबसिडी फक्त घरगुती कनेक्शनला आहे. मागाचं बिल मोठं म्हणून त्याचाच नंबर टाकायचा मोह होतो, पण त्यावर सबसिडी बसत नाही. बिलावर वर्गवारी छापलेली असते, ती बघूनच नंबर घ्या.

आता एक उदाहरण धरू. असंच दोन मजली घर, घरगुती मीटर आता मुलाच्या नावावर झालेलं, गच्ची 30 बाय 20 म्हणजे 600 चौरस फूट. बिलावर मागच्या महिन्यांचा वापर दिलेला असतो, तो बारा महिन्यांचा मिळून 2760 युनिट निघाला, म्हणजे महिन्याला सरासरी 230. आपल्याकडच्या उन्हात 1 किलोवॉट दिवसाला साधारण 4 युनिट देतं, महिन्याला 120 च्या आसपास, पावसाळ्यात कमी. म्हणजे या घराला 2 किलोवॉट पुरतं. व्हेंडर 3 च बसवा म्हणेल, 78 हजार सबसिडी दाखवेल, पण वाढलेल्या किलोवॉटला सबसिडी 18 हजारच आहे, बाकीचा खर्च खिशातून. आणि नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे गच्चीवर तयार झालेली वीज बिलातून वजा होते त्या पद्धतीत, जास्तीचे युनिट पुढच्या बिलात वळते होतात खरं, पण आर्थिक वर्षअखेर जे शिल्लक राहतात त्याला आपण वीज घेतो त्या दराने पैसे मिळत नाहीत. वर्षभरात एसी घ्यायचा नक्की असेल तर 3 चा विचार ठीक आहे, नुसत्या सबसिडीसाठी नको.

गच्चीचं क्षेत्रफळ विचारलं की लोक 600 लिहून मोकळे होतात. खरी मोजायची ती सावली न पडणारी जागा. ढोबळ हिशोब 1 किलोवॉटला 100 चौरस फूट. वरच्या उदाहरणात जिन्याची खोली 80 चौरस फूट घेते, मग पाण्याची टाकी, आणि टाकीची सावली. डिसेंबरात सोलापुरात भर दुपारी सुद्धा सूर्य दक्षिणेला कललेला असतो, सहा फुटी टाकीची सावली उत्तरेकडे पाचेक फूट पडते, सकाळ-संध्याकाळ त्याहून खूप लांब. एका पॅनलच्या कोपऱ्यावर सावली आली तरी साध्या सिस्टीममध्ये त्या ओळीतल्या बाकी पॅनलची वीजही घटू शकते. म्हणून टाकी, जिना हे पॅनलच्या उत्तरेला राहतील असं बघा आणि पॅनलचं तोंड दक्षिणेला. 540 वॉटचे चार पॅनल म्हणजे 2.16 किलोवॉट, पॅनलांनाच 112 चौरस फूट लागतात, धुवायला जायची वाट धरून 200. या गच्चीत ते आरामात बसतं. घर माळवदाचं किंवा पत्र्याचं असेल तर जागेपेक्षा वजन आणि वारा यांचा प्रश्न मोठा, स्ट्रक्चर कशाला धरणार हे आधी कोणा जाणकाराला दाखवा.

10 किलोवॉटपर्यंतच्या अर्जाला वेगळी तांत्रिक तपासणी लागत नाही, त्यामुळे मंजुरीत फार अडत नाही. मग व्हेंडर. पोर्टलवर नोंदणी असलेलाच व्हेंडर हवा, ओळखीचा इलेक्ट्रिशियन कितीही चांगला असला तरी सबसिडी जाते. कोटेशन दोन-तीन जणांकडून घ्या आणि त्यात दोन गोष्टी लेखी मागा. एक, पॅनल डीसीआर आहेत का, म्हणजे सेल आणि पॅनल दोन्ही भारतात बनलेले, बाकीच्यांना सबसिडी नाही. दोन, इन्व्हर्टर किती किलोवॉटचा. सबसिडी पॅनल आणि इन्व्हर्टर यातल्या कमी आकड्यावर मोजतात. 3.24 किलोवॉटचे पॅनल लावून 2 चा इन्व्हर्टर दिला तर हातात 60 हजारच येणार, 78 नाही. कोणी म्हणालं की सबसिडी आमच्या खात्यात येईल, तुम्ही तेवढे कमी द्या, तर सरळ नाही म्हणायचं. या योजनेत पैसे थेट ग्राहकाच्या खात्यात येतात.

मोबाईल नंबर स्वतःचाच द्यायचा. बरेच जण व्हेंडरला सांगतात तूच भर, तो स्वतःचा नंबर टाकतो, मग ओटीपी त्याच्याकडे, अर्ज कुठवर आला हे घरमालकाला दिसतच नाही.

पॅनल बसले की व्हेंडर फोटो आणि सीरियल नंबर चढवतो, महावितरणचे लोक येऊन बघतात, नेट मीटर लागतो, मग सिस्टीम सुरू झाल्याचं प्रमाणपत्र पोर्टलवर येतं. यानंतर बँकेची माहिती भरून कॅन्सल चेक जोडायचा. बिलावरचं आणि पासबुकावरचं नाव शेजारी ठेवून जुळवा, आडनाव आधी की नंतर, मधलं नाव पूर्ण की नुसतं अक्षर, हे सगळं. चेकबुक जुनं असेल तर आयएफएससी कोड तपासा. आंध्र बँक 2020 मध्ये युनियन बँकेत गेली, तिचं जुनं चेकबुक अजून कपाटात असेल तर त्यावरचा कोड आता चालत नाही, बँकेत जाऊन नवीन कोडचा चेक घ्या. सगळं बरोबर असलं तर पैसे साधारण 30 दिवसांत जमा व्हायला पाहिजेत, नाही झाले तर पोर्टलवरच अर्जाची स्थिती बघून तिथूनच तक्रार टाकायची.