वाचनकक्षाचे रेंडर

सार्वजनिक ग्रंथालयातील मोठ्या वाचनकक्षाचे संगणकावर त्रिमितीय प्रतिरूप उभारून काढलेले चित्र. लांबच लांब टेबले, डोक्याच्या बऱ्याच वर सुरू होणाऱ्या उंच खिडक्या आणि कडक सावली न पाडणारा, सगळीकडे सारखा पसरलेला उजेड ही या चित्रप्रकाराची ओळख. वास्तुविशारद नियोजित इमारत दाखवण्यासाठी ते काढतात. चित्रपट आणि खेळांच्या पार्श्वभूमीसाठीही ते लागते, आणि प्रकाशयोजना शिकणाऱ्यांना सरावासाठी हमखास दिले जाते. प्रतिरूप रचणे त्यामानाने सोपे असते, कारण तेच टेबल, तीच खुर्ची आणि तीच खिडकी पुन्हा पुन्हा येते. कस लागतो तो उजेडात.

या चित्रांना नमुना पुरवणारे कक्ष प्रत्यक्षात आहेत. पॅरिसमधील सेंट-जेनेव्हिएव्ह ग्रंथालयात (१८५१ मध्ये खुले) आंरी लाब्रूस्त याने पुस्तकांच्या कपाटांच्या वर कमानदार खिडक्यांची रांग घेतली आणि छत बारीक लोखंडी खांबांवर तोलले. न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाचा १९११ मधील मुख्य वाचनकक्ष सुमारे ९० मीटर लांब असून त्याचे छत सुमारे १६ मीटर उंचीवर आहे. व्हीपुरी (आता रशियातील व्हायबोर्ग) येथील १९३५ च्या ग्रंथालयात अल्वार आल्टो याने बाजूच्या खिडक्या टाळून छताला ५७ गोल झरोके दिले. ते इतके खोल आहेत की थेट ऊन टेबलापर्यंत पोचत नाही. उजेड हवा पण ऊन नको, हीच वाचनकक्षाची गरज, आणि रेंडर करणाऱ्यालाही नेमके तेच साधायचे असते.

म्हणून सुरुवात ढगाळ आकाशापासून करतात. कक्षात तिरपे सोनेरी झोत आणि त्यांत तरंगणारी धूळ दाखवण्याचा मोह अनेकांना होतो. पण झोत आला की जमिनीवर उन्हाचा कडक पट्टा येतो आणि शांतपणा तिथेच मोडतो. ते चित्र वाईट असेल असे नाही, पण ते वेगळे चित्र आहे. ढगाळ आकाश म्हणजे सगळीकडे एकसारखा राखाडी रंग, हाही गैरसमज आहे. प्रकाशशास्त्रात वापरल्या जाणाऱ्या प्रमाण ढगाळ आकाशाचा माथा क्षितिजाच्या तिप्पट तेजस्वी धरतात. एकसारखा राखाडी रंग भरला तर क्षितिजाकडून प्रमाणाबाहेर उजेड येतो आणि उभ्या भिंती टेबलांच्या मानाने उगाच उजळतात.

एक कक्ष घेऊन हिशेब केला की पुढचे सगळे उलगडते. समजा, कक्ष ३० मीटर लांब, १२ मीटर रुंद आणि ९ मीटर उंच आहे. दोन्ही लांब भिंतींना प्रत्येकी पाच खिडक्या, प्रत्येक २ मीटर रुंद व ४ मीटर उंच, आणि त्यांचा तळ जमिनीपासून ४ मीटरवर. बाहेर मोकळ्या जागी ढगाळ दिवसाचा १०,००० लक्स प्रकाश आहे. चौकटी, काच आणि भिंतींचे रंग लक्षात घेता त्यातला साधारण ३ टक्के टेबलावर पोचतो, म्हणजे ३०० लक्स; लक्स हे पृष्ठभागावर पडणाऱ्या प्रकाशाचे माप. वाचनाच्या जागेसाठी युरोपीय मानकात ५०० लक्स सांगितले आहेत, त्यामुळे अशा कक्षात टेबलावर दिवे का असतात हेही इथेच कळते.

आता छताकडे पाहू. आकाशातला प्रकाश खिडकीतून आत येतो तो नेहमी वरून खाली. छताचे तोंड खाली असल्यामुळे आकाशाचा एकही किरण त्याच्यावर थेट पडत नाही. छत उजळते ते दोन वाटांनी: जमीन, टेबले आणि भिंती यांवरून परत फिरलेल्या प्रकाशाने, आणि खिडकीबाहेरच्या जमिनीवरून वर उसळणाऱ्या प्रकाशाने. नवशिक्याच्या दृश्यात बाहेर जमीनच नसते. खिडकीच्या खाली पोकळी असते आणि तिथून काहीच येत नाही. मग पांढरे छत मळकट दिसते आणि ते उजळायला माणूस आत एक खोटा दिवा टांगतो. त्याऐवजी इमारतीभोवती एक मोठा सपाट पृष्ठभाग ठेवून त्याला २० टक्के परावर्तन द्यावे. तेवढ्या जमिनीचे तेज आकाशाच्या सरासरी तेजाच्या पाचव्या हिश्शाइतके असते, आणि खिडक्यांजवळचा छताचा भाग खऱ्या इमारतीसारखा कडेकडून उजळू लागतो. आतली फरशीही तितकीच महत्त्वाची. फरशी गडद लाकडाची केली की छत काळवंडते आणि तांबूसही होते. छताचा रंग बदलून ते सुधारत नाही, फरशीच बदलावी लागते.

हा परत फिरणारा प्रकाश संगणक किती उड्यांपर्यंत मोजतो, यावर पुढचा सगळा खेळ आहे. १९८६ मध्ये जेम्स काजिया याने मांडलेले रेंडर समीकरण आणि त्यावर आधारलेली पाथ ट्रेसिंग पद्धत आज बहुतेक सॉफ्टवेअरांत आहे: कॅमेऱ्यातून किरण सोडायचा, तो जिथे आदळेल तिथून यादृच्छिक दिशेला पुन्हा सोडायचा आणि प्रकाशापर्यंत पोचतो का ते पाहायचे. या उड्यांना मर्यादा घातलेली असते. ब्लेंडर या त्रिमितीय सॉफ्टवेअरमधील सायकल्स या रेंडर इंजिनात `Diffuse`, म्हणजे खरखरीत पृष्ठभागावरून सगळीकडे विखुरणाऱ्या प्रकाशाच्या, उड्या मुळात ४ असतात. कक्षातील पृष्ठभाग सरासरी ५० टक्के प्रकाश परत पाठवत असतील तर चार उड्यांत एकूण प्रकाशाचा सुमारे ९७ टक्के भाग येऊन जातो आणि काही बिघडत नाही. पण भिंती आणि छत चुन्यासारखे पांढरे, सरासरी ८० टक्के परावर्तनाचे असतील, तर चार उड्यांनंतर जेमतेम ६७ टक्के भाग जमा होतो. उरलेला तिसरा हिस्सा नेमका तोच असतो जो कोपऱ्यात, टेबलाखाली आणि छताच्या मध्यावर पोचायचा असतो. मर्यादा १२ केली की ९४ टक्क्यांपर्यंत जाते. (खिडकीतून बाहेर निसटणारा प्रकाश या हिशेबात धरलेला नाही, पण कल समजायला हा हिशेब पुरेसा आहे.) गडद लाकडी कक्षात उड्या वाढवून फक्त वेळ जातो, पांढऱ्या कक्षात त्यांच्यावाचून चालत नाही.

खिडकीची काच हा दुसरा अडथळा. पृष्ठभागावर प्रकाश पोचतो का हे तपासायला पाथ ट्रेसर थेट प्रकाशाकडे जे सावलीकिरण सोडतो, त्यांना खरी काच म्हणून दिलेले मटेरियल अडवते. त्यामुळे आकाशाचा प्रकाश काचेतून योगायोगानेच आत येतो आणि चित्रभर ठिपक्यांचा नॉइज उठतो. उपाय साधा आहे: काच काढून टाकावी, किंवा सावलीकिरणांपुरती ती पारदर्शक करावी. काच दिसलीच पाहिजे असा कोन या चित्रात क्वचितच असतो. त्याशिवाय प्रत्येक खिडकीच्या मापाचा एरिया लाइट, म्हणजे सपाट चौकोनी दिवा, तिथे बसवून त्याचा `Portal` हा पर्याय चालू करतात. तो स्वतः प्रकाश देत नाही, उजेड या झरोक्यातून येतो आहे एवढेच सॉफ्टवेअरला सांगतो. नॉइज निम्मा करायचा तर सॅम्पल, म्हणजे चित्राच्या प्रत्येक ठिपक्यामागे सोडलेले किरण, चौपट करावे लागतात, म्हणून आधी काच आणि पोर्टल नीट करून घेणे सॅम्पल वाढवण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडते. नॉइज पुसून टाकणाऱ्या डीनॉइजरवर सगळा भार टाकला तर त्याची खूण पुस्तकांच्या कण्यांवर दिसते: सोनेरी अक्षरे विरघळतात आणि लाकडाचे रेषे मेणासारखे गुळगुळीत होतात.

एक्स्पोजर ठरवताना आपल्या कक्षाचे आकडे पुन्हा कामी येतात. ३० टक्के परावर्तनाच्या लाकडी टेबलाचे तेज ३०० लक्समध्ये दर चौरस मीटरला सुमारे २९ कॅन्डेला येते, तर उघड्या पानाचे सुमारे ७६. आकाशाचे सरासरी तेज मात्र ३,००० च्या वर असते. टेबल आणि आकाश यांत जवळजवळ सात स्टॉपचे अंतर पडते; एक स्टॉप म्हणजे तेज दुप्पट. दोन्ही एकाच वेळी तपशिलात दाखवू गेले की चित्र कृत्रिम दिसते. वाचणाऱ्याचा डोळा पानाला सरावलेला असतो, म्हणून पान उजळ पण पांढरेफटक नाही इतके धरावे आणि खिडकी जवळजवळ पांढरी होऊ द्यावी. ब्लेंडरमधील `AgX` किंवा त्याआधीचे `Filmic` हे रंगरूपांतर खिडकीच्या कडा एकदम न जाळता हळूहळू पांढऱ्याकडे नेते. साध्या `Standard` मध्ये त्याच खिडक्यांच्या कडा कापल्यासारख्या दिसतात.

टेबलाचा पृष्ठभाग मात्र जवळून पाहण्यासारखा असतो. पॉलिश केलेल्या लाकडाकडे कॅमेरा जितका खालून, आडवा पाहील तितके परावर्तन वाढते. बसलेल्या माणसाच्या डोळ्याच्या उंचीवरून, म्हणजे सुमारे १.२ मीटरवरून, दूरचे टेबल लाकूड म्हणून दिसतच नाही. त्याच्यावर समोरच्या खिडक्यांचे लांबट, फिकट पट्टे उमटतात. कॅमेरा २ मीटरवर नेला की तेच पट्टे मावळतात आणि खालचा लाकडी रंग वर येतो. खडबडीतपणाचे मूल्य ०.३ ते ०.४ च्या आसपास ठेवले तर पट्टे ओळखू येतात पण आरशासारखे होत नाहीत. शिवाय हाताचे कोपर टेकतात तिथे, कडेपासून वीतभर आत, पॉलिश थोडे जास्त घासलेले दाखवले तर टेबल वापरातले वाटते. सगळीकडे ओरखडे मारले तर ते भंगारातले वाटते.

खुर्च्यांची गोष्टही तशीच. एका आज्ञेत प्रती काढून मांडलेल्या खुर्च्या एका रेषेत उभ्या राहतात आणि कक्ष उद्घाटनाच्या आदल्या रात्रीसारखा दिसतो. प्रत्येक खुर्ची दोन-चार अंश वळवणे आणि एखाद-दुसरी बाहेर सरकवणे पुरते.

प्रकाश बरोबर आहे की नाही हे तपासायला टेबलावर एक बंद पुस्तक ठेवावे. त्याच्या कडेला चिकटून सावलीची गडद रेघ हवी आणि काही सेंटिमीटरांत ती विरून जायला हवी. दोन्ही भिंतींना खिडक्या असल्यामुळे फिकट सावली दोन्ही बाजूंना पसरते. रेघच नसेल तर पुस्तक तरंगते आहे, म्हणजे ते टेबलाला टेकलेले नाही किंवा डीनॉइजरने रेघ पुसली आहे. सावली एकाच बाजूला आणि ठळक असेल तर आकाशाच्या चित्रात कुठेतरी सूर्य राहून गेला आहे. टेबलाखाली पूर्ण काळोख असेल तर उड्या कमी पडल्या आहेत, किंवा फरशी फार गडद आहे.

टेबलावरचे दिवे शेवटी लावतात. ढगाळ आकाशाचा रंग साधारण ६,५०० केल्विनचा, दिव्यांचा २,७०० ते ३,००० चा. व्हाइट बॅलन्स पूर्णपणे आकाशाला धरून ठेवला तर दिवे भगवे दिसतात आणि दिव्यांना धरला तर खिडक्या निळ्या पडतात. बहुतेक जण ५,००० च्या आसपास थांबतात. दिव्याचा झोत फक्त टेबलाच्या काही भागावर पडावा आणि तिथला प्रकाश आकाशाच्या प्रकाशाच्या दुपटीपलीकडे जाऊ नये. त्यापुढे दिव्याच्या कडक सावल्या दिसू लागतात आणि दिवसाचा कक्ष संध्याकाळचा होतो.