इन्व्हर्टिंग ऑप-अँपच्या गेनमधलं ते शून्य कुठून आलं, आणि पेपरात मार्क कुठे जातात

आमच्याकडे डिप्लोमाच्या पोरांना ऑप-अँप शिकवताना दरवर्षी एक प्रश्न येतोच. मागच्या हिवाळी परीक्षेच्या आधी एका पोरानं विचारला तो असा, "सर, मायनस पिन ग्राउंडले शॉर्ट हाये म्हणता, तं मंग करंट ग्राउंडमंदी जाईन ना, वरच्या रेझिस्टरमधून कायले जाईन?" प्रश्न एकदम बरोबर आहे. पुस्तकात व्हर्च्युअल शॉर्ट, म्हणजे तार न जोडताही प्लस आणि मायनस पिन एकाच व्होल्टेजवर धरायच्या, हा शब्द पहिल्या पानावर नियम म्हणून येतो, पुढच्या ओळीत गेनचं सूत्र, आणि पोरगं दोन्ही पाठ करून मोकळं होतं. पण हा शब्द कुठून आला ते माहीत असलं की पेपरातल्या बऱ्याच चुका होतच नाहीत, म्हणून थोडं मागून सुरू करतो.

१९२० च्या दशकात अमेरिकेत लांब पल्ल्याच्या टेलिफोन लाईनवर ठिकठिकाणी ॲम्प्लिफायर लागायचे, आणि व्हॅक्यूम ट्यूबचा गेन काही स्थिर नसायचा, ट्यूब जुनी झाली की बदलला, सप्लाय हलला की बदलला, आणि एकामागे एक इतके ॲम्प्लिफायर लावले की थोडीथोडी विकृती साचून शेवटी आवाज ओळखू येईना. बेल लॅब्जमधले हॅरोल्ड ब्लॅक यावरच काम करत होते. २ ऑगस्ट १९२७ ला सकाळी कामावर जाताना हडसन नदीच्या फेरीबोटीत त्यांना उपाय सुचला आणि तो त्यांनी हातातल्या न्यूयॉर्क टाइम्सच्या पानावर मोकळ्या जागेत लिहून काढला. गेन हवा त्यापेक्षा खूप जास्त ठेवायचा, आणि आउटपुटचा काही भाग उलटा करून इनपुटला परत द्यायचा, हाच निगेटिव्ह फीडबॅक. जास्तीचा गेन त्यात खर्च होतो, पण उरलेला गेन ट्यूबवर अवलंबून राहत नाही, परतीच्या वाटेवर जे रेझिस्टर लावले त्यांच्यावर राहतो. मुद्दाम मिळवलेला गेन घालवायचा ही गोष्ट तेव्हा लोकांना पटेना, पेटंट मिळायला १९३७ उजाडलं.

आपल्या सर्किटचा खरा पूर्वज मात्र दुसऱ्या महायुद्धातला. बेल लॅब्जमध्येच कार्ल स्वार्टझेल यांनी १९४१ मध्ये एका समिंग ॲम्प्लिफायरचं पेटंट दाखल केलं. विमानावर तोफ कुठे रोखायची याचा हिशोब करणाऱ्या एम-९ या यंत्रात असले ॲम्प्लिफायर बसवले होते. यात तीन ट्यूबच्या पायऱ्या होत्या. ट्यूबच्या ग्रिडला व्होल्टेज वाढलं की प्लेटवर ते कमी होतं, म्हणजे प्रत्येक पायरी सिग्नल उलटा करते, आणि तीनदा उलटा केला म्हणजे शेवटी उलटाच मिळतो. म्हणून इन्व्हर्टिंग हाच तेव्हाचा स्वाभाविक ॲम्प्लिफायर होता. आणि पोरांना मी हे नेहमी फळ्यावर लिहून सांगतो, त्या ॲम्प्लिफायरला प्लस पिन नव्हतीच! इनपुट एकच, उलटं करणारं. तुलना कशाशी, तर सरळ ग्राउंडशी. त्यामुळे इथे व्हर्च्युअल ग्राउंड, म्हणजे न जोडताही शून्यावर राहणारं इनपुट, एवढंच म्हणता येतं, दोन पिनांमधल्या शॉर्टचा प्रश्नच उठत नाही.

ऑपरेशनल ॲम्प्लिफायर हे नाव १९४७ मध्ये जॉन रॅगाझिनी आणि सोबत्यांच्या पेपरात आलं, बेरीज, वजाबाकी, इंटिग्रेशन अशी गणिती ऑपरेशन्स करतो म्हणून. त्याच सुमारास लोब ज्युली यांनी पुढच्या टोकाला ट्यूबची जोडी लावून दोन इनपुट असलेला ऑप-अँप केला. मग १९५२-५३ च्या आसपास जॉर्ज फिलब्रिक यांच्या कंपनीचा के२-डब्ल्यू बाजारात आला, दोन ट्यूबचा, प्लस-मायनस ३०० व्होल्टवर चालणारा, गेन साधारण १५,०००. दोन पिना आल्यावर जुनं शून्य मोकळं झालं. आता मायनस पिन ग्राउंडच्या मागे जात नाही, प्लस पिनवर जे असेल त्याच्या मागे जाते. प्लस पिन ग्राउंडला असेल तेवढ्यापुरतं ते व्हर्च्युअल ग्राउंड. १९६८ मध्ये डेव्ह फुलागर यांनी फेअरचाइल्डमध्ये ७४१ केला, जो आजही आपल्या लॅबच्या डब्यात पडलेला असतो, त्याचा उघडा, म्हणजे फीडबॅक न लावता मिळणारा, गेन साधारण २,००,००० आहे.

आता हिशोब. इनपुट आणि मायनस पिन यांच्यामधला आर-वन १० किलोओहम, आउटपुटकडून मायनस पिनेला येणारा आर-एफ १०० किलोओहम, प्लस पिन ग्राउंडला, सप्लाय प्लस-मायनस १५ व्होल्ट, इनपुट अर्धा व्होल्ट. मायनस पिन थोडी जरी वर गेली तर आउटपुट तिच्या दोन लाख पट खाली जाऊ पाहतो आणि आर-एफमधून तिला खाली ओढतो, आणि ती शून्याजवळ आली की तिथेच तोल साधतो. म्हणजे पिन शून्यावर आहे ती आउटपुटनं धरून ठेवली म्हणून, कुठली तार जोडली म्हणून नाही. पिनेच्या आत करंट जवळजवळ जातच नाही, मग आर-वनमधून आलेला सगळा करंट आर-एफमधूनच पुढे जाणार, दुसरी वाटच नाही. त्या पोराच्या प्रश्नाचं उत्तर हेच.

```
I  = (0.5 - 0) / 10k = 50 uA
Vo = 0 - 50 uA x 100k = -5 V
Av = -Rf / R1 = -10
```

आणि ते शून्य खरं किती? आउटपुट उणे ५, गेन दोन लाख, म्हणजे मायनस पिनवर अधिक २५ मायक्रोव्होल्ट, इतकं की लॅबमधल्या मीटरवर दिसणारच नाही. ते धरून गेन काढला तर ९.९९९४५ येतो, के२-डब्ल्यूच्या १५,००० नं काढला तरी ९.९९३. पाच टक्क्याचे रेझिस्टर लावून आपण ज्या चुका करतो त्यापुढे हे काहीच नाही, म्हणून शून्य धरायचं.

हे डोळ्यांपुढे यावं म्हणून मी बंडीचं उदाहरण देतो, कारण आमच्या पोरांनी बंडी बघितलेली आहे. बैल सोडलेली बंडी घ्या. आस म्हणजे मायनस पिन, मागचं टोक म्हणजे इनपुट, पुढचं टोक म्हणजे आउटपुट. मागून उचललं की पुढचं टोक खाली जातं, दिशा उलटी, तीच आपली उणे खूण. पुढचा हात मागच्यापेक्षा लांब असेल तितक्या पटीनं ते जास्त खाली जातं, तोच आर-एफ भागिले आर-वन. आणि आस जागेवर राहतो, जोवर पुढच्या टोकाला खाली जायला जागा आहे तोवर. पुढचं टोक जमिनीला टेकलं आणि तरी मागून उचलत राहिलं तर? चाकंच जमिनीवरून सुटतात, आस वर उठतो.

परीक्षेतली सगळ्यात महागडी चूक नेमकी इथे होते. वरच्याच सर्किटला इनपुट २ व्होल्ट दिला की पोरं डोळे मिटून उणे २० लिहितात, आणि सप्लाय १५ व्होल्ट आहे हे प्रश्नातच दिलेलं असतं. आउटपुट उणे १४ च्या जवळ जाऊन अडकतो, म्हणजे पुढचं टोक टेकलं. मग काही जण आउटपुट उणे १४ बरोबर लिहितात, पण मायनस पिन शून्यच ठेवतात, आणि त्यांचे दोन्ही करंट जुळत नाहीत. आता पिन शून्यावर धरून ठेवायला कोणी उरलं नाही, त्यामुळे ती दोन्ही टोकांच्या ओढीत जिथे येईल तिथे येते,

```
V- = (2 x 100 - 14 x 10) / 110 = 0.545 V
I1 = (2 - 0.545) / 10k      = 0.1455 mA
If = (0.545 + 14) / 100k    = 0.1455 mA
```

दोन्ही करंट सारखे आले, म्हणजे उत्तर बरोबर. प्रॅक्टिकलला हे ७४१ च्या दोन नंबरच्या पिनेवर मीटर लावून बघता येतं, तिथे अर्धा व्होल्ट दिसला म्हणजे व्हर्च्युअल शॉर्ट सुटलेला आहे, आउटपुट सहा नंबरवर बघा तो सप्लायच्या जवळ चिकटलेला असणार.

दुसरी चूक, प्लस पिनेवर ग्राउंडऐवजी १ व्होल्ट दिला तरी मायनस पिन शून्य धरणं. ही चूक म्हणजे १९४१ चा एका इनपुटचा ॲम्प्लिफायर डोक्यात ठेवून दोन इनपुटचं गणित सोडवणं. मायनस पिन १ व्होल्टवर घ्या, इनपुट अर्धाच ठेवा, आता करंट उलटा वाहतो, आउटपुटकडून इनपुटकडे ५० मायक्रोॲम्पियर, आणि आउटपुट १ अधिक ५ म्हणजे अधिक ६ व्होल्ट. सूत्रात टाकून उणे ५ लिहिलं की सगळे मार्क गेले. आणि आकृतीत प्लस-मायनस पिना मुद्दाम अदलाबदल करून दिल्या असतील तर सूत्र वापरूच नका, फीडबॅक प्लस पिनेला गेला की तो मायनस पिनेला धरत नाही, सर्किट एका टोकाला जाऊन अडकतं.

तिसरी लॅबमधली. आर-वन १ किलोओहम, आर-एफ १० किलोओहम, आणि आमच्या जुन्या ऑडिओ जनरेटरचा आतला रेझिस्टन्स ६०० ओहम. एका बॅचनं जनरेटर मोकळा असताना १ व्होल्ट मोजला, मग सर्किटला जोडला, आउटपुट ६.२५ व्होल्ट आला, आणि त्यांनी चार आयसी बदलल्या. आयसी एकही खराब नव्हती. मायनस पिन शून्यावर असल्यामुळे जनरेटरला पुढे फक्त आर-वन दिसतो, त्याचे स्वतःचे ६०० त्यात मिळतात, आणि १० भागिले १.६ म्हणजे सव्वासहा. जोडलेलं असताना आर-वनच्या इनपुटकडच्या पायावर मोजलं तर तिथे ०.६२५ व्होल्ट मिळतो, आणि तिथून गेन बरोबर उणे १० च निघतो. त्या बॅचला मी तेवढंच करायला लावलं, जनरेटर न काढता मीटरचा लाल प्रोब आर-वनच्या पायावर.