परकीय चलनातील उत्पन्न: रुपयांत रूपांतरासाठी दराची तारीख

परकीय चलनातले उत्पन्न आयकर विवरणपत्रात रुपयांतच दाखवावे लागते. त्यासाठी कोणत्या दिवसाचा दर धरायचा, हे करदात्याच्या मर्जीवर सोडलेले नाही. १ एप्रिल २०२६ पूर्वीच्या उत्पन्नासाठी ते आयकर नियम १९६२ मधला नियम ११५ ठरवतो. दर भारतीय स्टेट बँकेचा, आणि तोही ‘टीटी बाइंग’, म्हणजे तारेने आलेले चलन बँक ज्या भावाने विकत घेते तो. तारसेवा केव्हाच बंद झाली, नियमात ती अजून जिवंत आहे.

तारीख उत्पन्नाच्या प्रकारानुसार बदलते. पगार, लाभांश आणि भांडवली नफा यांना आधीच्या महिन्याचा शेवटचा दिवस लागतो. व्यवसाय, घरभाडे आणि बँक ठेवीवरच्या व्याजासारखे इतर उत्पन्न यांना आर्थिक वर्षाचा शेवटचा दिवस, ३१ मार्च. पैसे खात्यात जमा झाले त्या दिवसाचा दर पहिल्या गटात कुठेच येत नाही, आणि नेमका तोच सर्रास धरला जातो.

नागपूरचे उदाहरण घेऊ. मिहानमधल्या कंपनीत नोकरी करणाऱ्या एकाला अमेरिकी मूळ कंपनीचे शेअर मिळाले आहेत. १५ सप्टेंबरला २०० डॉलर लाभांश दिला गेला. भारत-अमेरिका करारानुसार २५ टक्के, म्हणजे ५० डॉलर तिथेच कापले गेले आणि ब्रोकरकडे १५० डॉलर जमा झाले. ही रक्कम त्याने जानेवारीत नागपूरच्या खात्यात मागवली. बँकेने समजा ८५ रुपयांचा दर दिला, आणि पासबुकावर १२,७५० रुपये दिसले.

विवरणपत्र भरताना पासबुक उघडून हाच आकडा टाकला की दोन चुका एकदम होतात. उत्पन्न १५० नव्हे, २०० डॉलर आहे. कापलेला करही उत्पन्नातच मोडतो. आणि दर जानेवारीचा नव्हे, ३१ ऑगस्टचा हवा. त्या दिवशीचा दर समजा ८३.५० असेल, तर उत्पन्न १६,७०० रुपये. कापलेल्या कराची भारतातल्या करातून वजावट मागताना नियम १२८ लागतो. तिथेही कर कापला त्याच्या आधीच्या महिन्याचा शेवटचा दिवस धरायचा, म्हणून ५० डॉलरचे ४,१७५ रुपये. ही वजावट ‘फॉर्म ६७’ भरून मागायची असते. लाभांश एका दराने आणि कर दुसऱ्याच दराने बदलला असेल, तर कराचे प्रमाण २५ टक्क्यांवरून हलते. चूक ओळखायला तेवढी खूण पुरते.

लाभांशाच्या बाबतीत नियमाचे शब्द ‘जाहीर केला, वाटला किंवा दिला’ असे आहेत. जुलैत जाहीर होऊन सप्टेंबरात मिळालेल्या लाभांशाला त्यामुळे दोन तारखा सुचतात. व्यवहारात बहुतेक जण ब्रोकरच्या उताऱ्यावरची पैसे दिल्याची तारीख धरतात. ती कापलेल्या कराच्या तारखेशी जुळते, म्हणून तीच सोयीची. मात्र एका वर्षी एक आणि पुढच्या वर्षी दुसरी, असे करू नये.

धरमपेठेत घरी बसून परदेशी ग्राहकांसाठी डिझाइन करणाऱ्याची गोष्ट वेगळी. त्याचे उत्पन्न व्यवसायाचे, म्हणून तारीख ३१ मार्च. पण नियम ११५ च्या दुसऱ्या पोटनियमात मोठी सवलत आहे: त्या तारखेआधी पैसे रीतसर भारतात आले असतील, तर हे रूपांतर लागूच होत नाही. बँकेने प्रत्यक्षात दिलेले रुपये हेच उत्पन्न. ३१ मार्चचा दर लागतो तो परदेशी वॉलेटमध्ये तोवर पडून राहिलेल्या कमाईला. म्हणजे वर्षभराच्या बिलांची बेरीज डॉलरमध्ये करून तिला एकाच दराने गुणणे इथे चुकीचे ठरते. हिशेब आलेल्या आणि न आलेल्या रकमांचा वेगवेगळा मांडावा लागतो.

दर शोधताना स्टेट बँकेच्या रोजच्या दरपत्रकातला `TT BUY` हाच रकाना पाहायचा. शेजारी विक्रीचे, बिलांचे आणि रोख नोटांचे दर असतात, आणि नोटांचा खरेदी दर बराच कमी असतो. जपानी येनचा भाव १०० येनमागे छापलेला असतो. तो तसाच गुणला तर उत्पन्न शंभरपट फुगते. महिन्याचा शेवटचा दिवस सुटीचा असला, जसा ३१ मार्च २०२४ रविवारी आला होता, तर त्याआधीचा शेवटचा उपलब्ध दर घेण्याची रीत आहे. दरपत्रक रोज बदलते आणि जुने मिळवणे जिकिरीचे, म्हणून ज्यांना दर तिमाहीला लाभांश येतो ते महिनाअखेरचे पत्रक त्याच दिवशी उतरवून हिशेबाच्या फाइलला जोडून ठेवतात.